बंद पडलेल्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर: पार्श्वभूमी पडताळणीत नोकरीच्या तारखा कशा सिद्ध कराव्यात

पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या संस्थेकडे उमेदवाराचे अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर आले, की ती प्रथम जुन्या कंपनीच्या एचआर विभागाला ई-मेल पाठवते आणि पदनाम, रुजू झाल्याची तारीख व कामाचा शेवटचा दिवस यांची खातरजमा मागते. कंपनीच उरलेली नसेल तर तो ई-मेल परत येतो, कार्यालयाचा दूरध्वनी लागत नाही, आणि काही प्रयत्नांनंतर अहवालात ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा गैरसोयीचा असला तरी त्यात उमेदवारावर ठपका नसतो. खरा धोका ‘विसंगती’ या दुसऱ्या शेऱ्यात असतो. कंपनीकडून उत्तर न आल्यामुळे पडताळणी करणारा सरकारी नोंदींकडे वळतो, त्या नोंदींतील तारखा पत्रातील तारखांशी जुळत नाहीत, आणि त्या का जुळत नाहीत हे सांगणारे कोणी उरलेले नसते.

मी काही वर्षे हेच पडताळणीचे काम केले आहे. बंद कंपन्यांच्या प्रकरणांत मला वारंवार दिसलेली गोष्ट अशी, की तफावत बहुधा शेवटच्या काही महिन्यांतच असते. डबघाईला आलेली कंपनी आधी भविष्य निर्वाह निधी भरणे थांबवते, मग कर-विवरणपत्रे भरणे थांबवते, मग पगार थकवते, आणि सर्वांत शेवटी दाराला कुलूप लावते. त्यामुळे माणूस जानेवारीपर्यंत काम करतो आणि नोंदी मात्र सप्टेंबरातच संपतात. या लेखात असेच एक नमुना प्रकरण घेऊन तयारी कशी करावी हे क्रमाने मांडले आहे.

प्रकरण असे समजू या. एका खासगी मर्यादित कंपनीत एक गुणवत्ता अभियंता १० जून २०१९ रोजी रुजू झाला. त्याच्या रिलीव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२३ असा आहे. त्यानंतर तो ६ फेब्रुवारी २०२३ रोजी दुसऱ्या कंपनीत लागला, आणि आता तिसऱ्या कंपनीने नोकरी देऊ केल्यावर पहिल्या कंपनीची पडताळणी सुरू झाली आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत मात्र त्याची नोकरी १ जुलै २०१९ ते ३० सप्टेंबर २०२२ अशी दिसते. म्हणजे सुरुवातीला तीन आठवड्यांचा आणि शेवटी चार महिन्यांचा फरक आहे.

पहिली पायरी: कंपनी कोणत्या अर्थाने बंद आहे ते ठरवणे

‘कंपनी बंद झाली’ हे वाक्य पडताळणीच्या दृष्टीने अपुरे आहे, कारण बंद होण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकात उत्तर देऊ शकणारी व्यक्ती वेगळी असते. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा मास्टर डेटा पाहता येतो. नियुक्तिपत्रावर किंवा पगारपत्रकावर कंपनीचा २१ अक्षर-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन, छापलेला असेल तर शोध त्याच्या आधारे घ्यावा, कारण नावात एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी भलतीच कंपनी समोर येते. या क्रमांकातच कंपनीच्या नोंदणीचे वर्ष आणि राज्य दडलेले असते. पडताळणी करणारा ते वर्ष रुजू झाल्याच्या तारखेशी ताडून पाहतो. कंपनी २०२० साली नोंदली गेली आणि अनुभवपत्र २०१७ पासूनचे असेल, तर आधी ती मालकी किंवा भागीदारी संस्था होती का, हा प्रश्न येणारच, म्हणून त्याचे उत्तर आधीच तयार ठेवावे.

मास्टर डेटात स्थिती Amalgamated अशी दिसली, तर कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी बहुतेक वेळा त्या दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या असतात. अशा वेळी पडताळणीचा ई-मेल त्या कंपनीला जायला हवा, आणि बाकीची खटपट वाचते. स्थिती Under Liquidation असेल किंवा दिवाळखोरी प्रक्रिया सुरू असेल, तर कंपनीचा कारभार आणि कागदपत्रे प्रशासनासाठी नेमलेल्या व्यावसायिकाच्या किंवा मालमत्ता विकून देणी फेडणाऱ्या परिसमापकाच्या ताब्यात असतात. त्याचे नाव भारतीय दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरील जाहीर सूचनांत सापडते आणि त्याला थेट ई-मेल लिहिता येतो. या प्रकारात एक तरतूद माहीत असावी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ३३(७) नुसार, परिसमापनाचा आदेश हीच कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची सूचना मानली जाते; परिसमापकाने धंदा चालू ठेवला असेल तर मात्र तसे होत नाही. ज्याला रिलीव्हिंग लेटर कधी मिळालेच नाही आणि जो शेवटपर्यंत नोकरीत होता, त्याच्यासाठी तो आदेश चांगला आधार ठरतो.

आपल्या प्रकरणात स्थिती Strike Off अशी आहे, आणि लहान कंपन्यांच्या बाबतीत हीच सर्वाधिक दिसते. कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकले जाते, तेव्हा बहुधा परिसमापक नेमलेला नसतो आणि कागदपत्रे सांभाळणारेही कोणी नसते. येथे तारखेचा घोळ होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम २४८ निबंधकाला निष्क्रिय कंपनीचे नाव काढण्याचा अधिकार देते, पण त्यासाठी कंपनीने लगतच्या दोन आर्थिक वर्षांत धंदा केलेला नसावा, अशी अट आहे. साहजिकच धंदा २०२३ च्या सुरुवातीला थांबला तरी नाव निघेपर्यंत आणखी दोन-अडीच वर्षे सहज जातात, आणि तोपर्यंत नोंदीत कंपनी Active दिसत राहते. पडताळणी करणारा ते पाहून ‘कंपनी चालू आहे, पण उत्तर देत नाही’ असे लिहितो, जे उमेदवाराला फारच महागात पडते. यावर उपाय त्याच पानावर असतो. शेवटच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची आणि शेवटच्या ताळेबंदाची तारीख तेथे दिलेली असते. त्या तारखा तीन-चार वर्षे जुन्या असतील, तर कंपनी कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात बंद आहे हे दाखवता येते. हे पान त्या दिवसाच्या तारखेसह पीडीएफ करून ठेवावे.

मालकी किंवा भागीदारी संस्था असेल तर मंत्रालयाच्या नोंदवहीत ती सापडणार नाही. अशा वेळी जीएसटी क्रमांकाने शोध घ्यावा. नोंदणी रद्द झालेली असल्यास ती कोणत्या तारखेपासून रद्द झाली हे तेथे दिसते. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला असल्याने त्याआधीच बंद पडलेल्या संस्थांना हा मार्ग उपयोगी नाही.

दुसरी पायरी: भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी बारकाईने वाचणे

पडताळणी करणाऱ्याच्या दृष्टीने यूएएनखालील, म्हणजे निधीच्या सदस्याच्या कायम खाते क्रमांकाखालील, सेवा-इतिहास आणि पासबुक यांना सर्वाधिक वजन असते. ही नोंद त्या त्या महिन्यात मालकाने पैसे भरले तेव्हा तयार झालेली असते आणि आज उमेदवार किंवा जुना संचालक ती मागे जाऊन घडवू शकत नाही. पण ती नीट वाचावी लागते, कारण चुकीच्या वाचनातून खोट्या विसंगती निर्माण होतात.

पासबुकातील प्रत्येक ओळीत पगाराचा महिना वेगळा आणि वर्गणी देय होण्याचा महिना वेगळा असतो. सप्टेंबरच्या पगारावरील वर्गणी ऑक्टोबरच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, म्हणून सप्टेंबर २०२२ च्या ओळीत तपशील असा दिसतो:

```
Cont. For Due-Month 102022
```

हे पाहून कोणी ‘ऑक्टोबरपर्यंत वर्गणी आहे’ असे समजतो, तर कोणी सुरुवातीचा महिनाही एकाने पुढे धरतो. उमेदवाराने आपल्या टिपणात नेहमी पगाराचाच महिना लिहावा.

रकमेवरून पगार सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अनेक कंपन्या प्रत्यक्ष मूळ वेतन कितीही असले तरी वर्गणी कायद्यातील १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच भरतात. त्यामुळे कर्मचाऱ्याचे १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये, आणि मालकाच्या हिश्श्यातील १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत व ५५० रुपये निधीत, असे तेच आकडे महिनोन्महिने दिसत राहतात. त्यातून सलगपणा सिद्ध होतो, वेतनवाढ नव्हे.

आता आपल्या अभियंत्याचा सुरुवातीचा फरक पाहू. कंपनीने त्याला जूनऐवजी १ जुलैपासून निधीत घेतले, म्हणून तीन आठवडे गायब आहेत. हा फरक मिटवणे सोपे आहे. जूनच्या पगारपत्रकावर २१ दिवसांचा पगार दाखवलेला आहे. महिना ३८,००० रुपये धरता ३० पैकी २१ दिवसांचे २६,६०० रुपये होतात, आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाऊन २६,४०० रुपये जुलैच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जमा झालेले आहेत. १० ते ३० जून हे नेमके २१ दिवस होतात. पत्रातील तारीख, पगारपत्रकातील दिवस आणि बँकेतील रक्कम एकमेकांना अशी टेकली, की कोणताही समंजस परीक्षक निधीतील १ जुलै ही तारीख बाजूला ठेवतो. पहिल्या महिन्याचा अर्धवट पगार हा रुजू झाल्याच्या तारखेचा उत्तम पुरावा असतो, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक उमेदवार नेमका तोच बँक-उतारा जोडायला विसरतात.

सोडल्याची तारीख अधिक त्रासदायक असते. कंपनी चालू असती तर ती मालकाने भरली असती. कंपनी बंद असेल तर सदस्याला स्वतः पोर्टलवर Manage मेनूखालील Mark Exit या पर्यायातून, आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने ती नोंदवता येते. मात्र शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटलेले असावे लागतात, आणि तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातील द्यावी लागते. आपल्या अभियंत्याने निधी नव्या खात्यात वळवण्यासाठी ही तारीख भरली, तेव्हा त्याला ३० सप्टेंबर २०२२ च्या पुढे जाताच आले नाही. म्हणजे विसंगती त्याच्या खोटेपणातून नाही, तर पोर्टलच्या नियमातून आलेली आहे. हे वाक्य पडताळणी करणाऱ्याला लिहून द्यावे लागते, कारण नोंद पाहताना ती तारीख कोणी भरली आणि का भरली हे त्याला आपोआप कळत नाही.

याच ठिकाणी निधी संघटनेच्या संकेतस्थळावरील आस्थापना-शोध फार उपयोगी पडतो, आणि तो थोड्यांनाच माहीत आहे. तेथे आस्थापनेने कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि ते किती कर्मचाऱ्यांसाठी होते, हे पाहता येते. समजा २०२१ मध्ये ६० कर्मचाऱ्यांची वर्गणी जात होती, मे २०२२ पासून भरणा उशिरा होऊ लागला, सप्टेंबर २०२२ साठी फक्त १४ जणांचे पैसे भरले गेले आणि त्यानंतर कोणाचेच नाहीत. हे दिसल्यावर उमेदवाराने सप्टेंबरात नोकरी सोडली की कंपनीने सप्टेंबरानंतर सर्वांचेच पैसे भरणे थांबवले, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते. उलट, सप्टेंबरानंतरही १४ जणांचा भरणा चालू असेल आणि त्यात उमेदवार नसेल, तर ती गंभीर गोष्ट आहे, आणि तसे असल्यास ते आधी आपल्यालाच कळलेले बरे.

तिसरी पायरी: कराच्या नोंदी आणि बँकेचे उतारे

आयकर विभागाच्या फॉर्म २६एएसमध्ये पगारातून कापलेल्या कराच्या नोंदी कापणाऱ्याच्या नावासह आणि टॅन क्रमांकासह येतात. निधीच्या नोंदीप्रमाणेच हीही तिसऱ्या पक्षाची नोंद असल्याने तिला वजन आहे. मात्र तिच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, करच लागू नसेल तर नोंद नसते. आपल्या अभियंत्याचा २०१९-२० मधील पगार वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास होता. प्रमाणित वजावट आणि ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील सूट यांमुळे त्याचा कर शून्य झाला, म्हणून त्या वर्षाचे पान कोरे आहे. पगार पुढे ६२,००० वर गेल्यावर नोंदी सुरू होतात. कोरे पान म्हणजे नोकरी नव्हती असे नाही, हे टिपणात एका ओळीत सांगावे. दुसरी मर्यादा अशी, की कंपनीने कर कापला तरी तिमाही विवरणपत्र भरले नाही तर नोंद उमटत नाही. बुडत्या कंपनीत हे हमखास घडते. येथेही जुलै ते सप्टेंबर २०२२ च्या तिमाहीनंतर काहीच दिसत नाही.

बँकेचा उतारा बँकेकडून आलेल्या मूळ पीडीएफ स्वरूपात द्यावा. इतर व्यवहार झाकण्यासाठी अनेक जण त्यावर काळ्या पट्ट्या ओढतात किंवा फक्त पगाराच्या ओळींचे छायाचित्र पाठवतात. खासगीपणाची काळजी रास्त आहे, पण बदललेली फाइल पुरावा म्हणून बाद होते. त्यापेक्षा पहिले दोन, मधले दोन आणि शेवटचे सहा महिने एवढ्याच कालावधीचे उतारे मागवून तेच जोडावेत. यूएएनचा पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कोणालाही देऊ नये. पासबुक आणि सेवा-इतिहास स्वतः उतरवून दिला की काम भागते, आणि समोरच्याला स्वतः तपासायचे असेल तर त्याने उमेदवाराच्या समक्ष तसे करावे.

चौथी पायरी: नोंदी संपल्यानंतरचे चार महिने

ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात निधी नाही, कराची नोंद नाही आणि पगारही नियमित नाही. येथे पुरावा वेगळ्या जातीचा असतो. एकच निर्णायक कागद मिळण्याची आशा सोडून, त्या महिन्यांत विखुरलेल्या तारखा असलेल्या आणि वेगवेगळ्या लोकांकडून आलेल्या खुणा गोळा कराव्यात.

सर्वांत मोलाचा असतो मूळ ई-मेल. रिलीव्हिंग लेटर एचआरने वैयक्तिक पत्त्यावर पाठवलेले असेल, तर तो ई-मेल फॉरवर्ड न करता .eml फाइल म्हणून उतरवून द्यावा. फॉरवर्ड करताना मूळ मेलच्या तांत्रिक नोंदी गळून जातात, आणि त्या नोंदींवरूनच मेल खरोखर कंपनीच्या सर्व्हरवरून त्या दिवशी निघाला होता हे कळते. छापील पत्र स्कॅन करून दिले तर पीडीएफची निर्मिती आजची दिसते. त्यात गैर काही नाही, पण जानेवारी २०२३ च्या पत्राला आजची फाइल-तारीख दिसल्यावर शंका येते, म्हणून ‘मूळ कागदाचे स्कॅन’ असे सोबत लिहावे आणि मूळ कागद दाखवण्याची तयारी ठेवावी.

आपल्या अभियंत्याकडे आणखी चार गोष्टी निघाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये संचालकाच्या वैयक्तिक खात्यातून थकीत पगारापोटी काही रक्कम आली होती, आणि देणाऱ्याचे नाव मास्टर डेटातील संचालकांच्या यादीशी जुळते. नोव्हेंबरात एका ग्राहक कंपनीच्या तपासणीच्या वेळी तो हजर होता आणि त्या कंपनीतील व्यक्ती तसे सांगायला तयार आहे. ग्राहकाचा तपासणी अहवाल परस्पर जोडण्याचा मोह येथे टाळावा, कारण तो गोपनीय कागद आहे आणि तो उघड करणारा उमेदवार नव्या कंपनीलाही रुचत नाही. तिसरी गोष्ट, लॅपटॉप आणि मोजमापाची साधने परत केल्याची पोच जानेवारीच्या शेवटच्या तारखेची आहे. चौथी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या कंपनीत रुजू होताना त्याने निधीसाठी भरलेल्या फॉर्म ११ मध्ये आधीची नोकरी सोडल्याची तारीख ३१ जानेवारी २०२३ अशी दिली होती. ते त्याचे स्वतःचेच कथन असले तरी आजच्या गरजेपोटी रचलेले नाही, आणि तो फॉर्म चालू असलेल्या कंपनीच्या दप्तरात असल्याने तपासता येतो.

कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत असती तर याहून भक्कम पुरावा मिळाला असता. थकीत पगारासाठी कर्मचारी त्या प्रक्रियेत फॉर्म डी मध्ये दावा दाखल करतो, नेमलेला व्यावसायिक तो पडताळतो आणि मान्य दाव्यांची यादी तयार होते. त्या यादीतील नाव आणि दाव्याचा कालावधी म्हणजे थकीत महिन्यांत नोकरी होती याची त्रयस्थाने केलेली नोंदच. थोडेच पैसे हाती येतील म्हणून दावा न करणाऱ्यांना पुढे ही नोंद नसल्याचे जाणवते.

पत्र आता कोण देऊ शकते

येथे अनेकांची चूक होते. जुने संचालक किंवा एचआर व्यवस्थापक ओळखीचे असतात, त्यांच्याकडे लेटरहेडची फाइल असते, आणि ‘जुन्या तारखेचे पत्र काढून देतो’ असा प्रस्ताव येतो. नाव नोंदवहीतून निघाल्यावर कंपनी देणी-घेणी निस्तरण्यापुरतीच उरते; तिच्या वतीने नवे पत्र काढण्याचा अधिकार कोणालाही राहत नाही. नोकरी खरी, तारखा खऱ्या, पण मागील तारीख टाकून तयार केलेला कागद बनावटच ठरतो, आणि पकडला गेल्यावर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. सापडणे अवघडही नसते, कारण फाइलची तारीख, पत्त्यातील बदल किंवा तेव्हा पदावर नसलेल्या व्यक्तीची सही असले काहीतरी निघतेच.

योग्य मार्ग असा, की त्या व्यक्तीने साध्या कागदावर, आजच्या तारखेने आणि स्वतःच्या नावाने निवेदन द्यावे. आपण त्या काळात कंपनीत कोणत्या पदावर होतो, उमेदवार आपल्या हाताखाली कधीपासून कधीपर्यंत होता, ऑक्टोबर २०२२ पासून निधी आणि पगार का थांबला, आणि आपल्याशी कोठे संपर्क साधता येईल, एवढे त्यात असावे. संचालकाचे निवेदन अधिक वजनदार असते, कारण तो त्या काळात संचालक होता हे सार्वजनिक नोंदीतून तपासता येते. व्यवस्थापकाचे असेल तर त्याने स्वतःच्या सेवा-इतिहासाची प्रत जोडावी, नाहीतर एका अप्रमाणित माणसाने दुसऱ्याला प्रमाणित केल्यासारखे होते. उमेदवाराच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्राचा उपयोग मर्यादित असतो. नोटरी ओळख पटवून सहीची साक्ष देतो, मजकुराची सत्यता नव्हे. ते मागितल्यास द्यावे, पण पुराव्याच्या जागी ठेवू नये.

जुन्या कंपनीचे संकेतस्थळाचे नाव कोणी नव्याने घेऊन त्यावरून खातरजमेचे ई-मेल पाठवल्याची प्रकरणेही असतात, म्हणून पडताळणी करणारे त्या नावाच्या नोंदणीची तारीख पाहतात. कंपनी बंद झाल्यानंतर नोंदलेल्या नावावरून आलेले उत्तर लाभदायक तर नसतेच, उलट घातक ठरते. ‘खातरजमा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थांपासून याच कारणाने दूर राहावे.

पडताळणीचा अर्ज भरताना

अर्जात तारखा पत्राप्रमाणेच, म्हणजे १० जून २०१९ ते ३१ जानेवारी २०२३, अशा लिहाव्यात. निधीच्या नोंदीशी जुळवण्यासाठी त्या बदलल्या तर नंतर रिलीव्हिंग लेटर आणि अर्ज यांतच विसंगती उभी राहते. मात्र फरक लपवूही नये. शेऱ्याच्या जागी किंवा सोबतच्या पानभर टिपणात तो आधीच सांगावा, कारण पडताळणी करणाऱ्याने स्वतः शोधलेला फरक आणि उमेदवाराने आधी सांगितलेला फरक यांची अहवालातील भाषा वेगळी होते. टिपणाचा मजकूर साधारण असा असावा:

‘सदर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्यात आले असून मास्टर डेटाची प्रत जोडली आहे. जुलै २०१९ ते सप्टेंबर २०२२ या पगार-महिन्यांच्या वर्गणीची नोंद पासबुकात आहे. जून २०१९ मधील २१ दिवसांसाठी पगारपत्रक व बँक-उतारा पाहावा. सप्टेंबर २०२२ नंतर आस्थापनेने कोणत्याही कर्मचाऱ्याची वर्गणी भरलेली नाही. सोडल्याची तारीख मी स्वतः नोंदवली असून पोर्टलच्या नियमामुळे ती ३० सप्टेंबर २०२२ अशी देणे भाग पडले. ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळासाठी रिलीव्हिंग लेटरचा मूळ ई-मेल, साहित्य परत केल्याची पोच, संचालकाकडून आलेल्या रकमेचा उतारा आणि माजी संचालकांचे निवेदन जोडले आहे.’

या टिपणासोबत कागद त्याच क्रमाने लावावेत. साठ पानांचा गठ्ठा पाठवला तर परीक्षक पहिली दहा पाने पाहतो, आणि महत्त्वाचे पान त्रेचाळिसावे असते.

तरीही ‘विसंगती’ असा शेरा आला तर

पडताळणी संस्था फक्त अहवाल देते. निर्णय नोकरी देणारी कंपनी घेते. त्यामुळे संस्थेशी वाद घालत बसण्याऐवजी नव्या कंपनीच्या एचआरकडे लेखी विचारणा करावी, की नेमकी कोणती तारीख कोणत्या नोंदीशी जुळली नाही. बऱ्याचदा उत्तरातूनच कळते, की परीक्षकाने देय महिना पगाराचा महिना समजला किंवा मास्टर डेटात कंपनी Active पाहून तेथेच थांबला. अशी चूक एका दुरुस्त कागदाने सुटते, आणि शेरा बदलून ‘पर्यायी कागदपत्रांवरून पडताळणी’ असा होऊ शकतो.

चूक नसून शेवटच्या चार महिन्यांचा पुरावाच कंपनीला अपुरा वाटत असेल, तर एक तडजोड मी स्वतः अनेकदा सुचवली आहे. ३० सप्टेंबर २०२२ पर्यंतचा काळ सिद्ध आणि पुढील चार महिने ‘उमेदवाराने जाहीर केलेले, अंशतः समर्थित’ असे वेगळे दाखवावेत. साडेतीन वर्षांहून अधिक अनुभवातून चार महिने वजा गेल्याने पद किंवा पगाराची पात्रता सहसा बदलत नाही. किमान अनुभवाची अट काठावर असेल तेव्हाच ती बदलते, आणि तसे असेल तर नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी, चालू नोकरीचा राजीनामा देण्याआधी, हा प्रश्न एचआरसमोर लेखी मांडून त्यांचे उत्तर लेखी घ्यावे.